परिपाठात वाचनावर बोलायचे आहे? शाळेतल्या नव्या ग्रंथपालांसाठी

शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झालात की थोड्याच दिवसांत मुख्याध्यापक म्हणतात, ‘मॅडम, एकदा परिपाठात मुलांशी वाचनाबद्दल बोला.’ नकार देता येत नाही आणि देऊही नये. वर्षभर आपण मुलांना एकेकटे किंवा वर्गावर्गाने भेटतो. सगळी शाळा समोर बसलेली अशी फार थोड्या वेळा मिळते.

बहुतेक भाषणे वाचन किती चांगले हे सांगण्यातच संपतात. मुले टाळ्या वाजवतात आणि वर्गात जातात. दुसऱ्या दिवशी नेमके काय करायचे, हे एकालाही माहीत नसते. मी भाषणाची पद्धत बदलली ती यासाठीच. आता मी भाषणातच मुलांना एक छोटा उतारा वाचायला लावते, त्यावर एक प्रश्न विचारते आणि रोज घरी हेच कसे करायचे ते सांगते. ही पद्धत पाचवी ते दहावीच्या शाळेसाठी आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ती नाही.

काय काय लागेल

- मुख्याध्यापकांची परवानगी आणि परिपाठातली दहा मिनिटे (सुविचार, दिनविशेष, बातम्या यांतले त्या दिवशी काय गाळायचे ते आदल्या दिवशीच ठरवून घ्या)
- चाळीसेक शब्दांचा एक उतारा, मोठ्या टायपात. ए-फोर कागदावर चार वेळा बसवून झेरॉक्स काढली की एका कागदाच्या चार पट्ट्या होतात. दोघांत एक पट्टी पुरते.
- चालू असलेला माइक आणि एक हातघड्याळ
- पट्ट्या वाटायला प्रत्येक वर्गातली दोन मुले
- वर्गशिक्षकांना आधी दिलेली अर्ध्या पानाची सूचना: भाषणानंतर मुलांनी काय करायचे आहे

१. दिवस निवडा

महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्यामुळे भाषणाची फर्माईश त्याच दिवसाची येते. पण त्या सुमारास बहुतेक शाळांत प्रथम सत्र परीक्षेची गडबड असते आणि पाठोपाठ दिवाळीची सुट्टी लागते. रोजची सवय लावायची आणि लगेच तीन आठवड्यांची खंड पडायची, अशी गत होते.

पर्याय दोन आहेत. पहिला, १२ ऑगस्ट. हा डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा जन्मदिवस. भारतात तो ग्रंथपाल दिन मानतात, तेव्हा आपल्याला बोलायला निमित्तही मिळते आणि पुढे सलग सहा-सात आठवडे शाळा असते. दुसरा, दिवाळीनंतर शाळा उघडल्यावरचा दुसरा सोमवार. पहिल्या सोमवारी हजेरी कमी असते. १५ ऑक्टोबरलाच बोलायचे ठरले असेल तर बोला, पण रोजच्या वाचनाची वही सुट्टीनंतर सुरू करा आणि भाषणात तसे स्पष्ट सांगा.

२. उतारा तयार करा

खरी मेहनत इथे आहे. उतारा असा हवा की भरभर वाचणाऱ्याला तो समजल्यासारखा वाटेल, पण प्रश्न विचारल्यावर परत मागे जावे लागेल. अवघड शब्द नकोत. शब्दच अडला तर मूल काळजीपूर्वक वाचण्यापर्यंत पोचतच नाही. पाठ्यपुस्तकातला उतारा घेऊ नका, कारण त्याचे उत्तर काही मुलांना मार्गदर्शकातून पाठ असते. मी स्वतः लिहिते. हा एक घ्या:

> आठवडी बाजारात सखूबाई दोन पाट्या घेऊन बसली होती. एका पाटीत मेथी, दुसरीत कोथिंबीर. मेथी तर दुपारीच संपली. ऊन कलल्यावर तिने पैसे मोजून कनवटीला लावले, पाट्या एकात एक घातल्या, वरचे फडके पुन्हा ओले केले आणि ती एसटी स्टँडकडे निघाली.

यावर ‘पाट्यांत काय होते?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर एकाच वाक्यात जसेच्या तसे आहे, मूल ते उचलून देते. ‘सखूबाईचा सगळा माल विकला गेला का?’ असे विचारा. उताऱ्यात हे कुठेही थेट लिहिलेले नाही. पण मेथीपुढे ‘तर’ आहे. मेथी तर संपली, म्हणजे दुसऱ्या कशाचे तरी तसे झाले नसावे. शिवाय तिने घरी निघताना फडके पुन्हा ओले केले. रिकाम्या पाटीवर ओले फडके कोण टाकेल? दोन वाक्यांतल्या दोन बारीक खुणा एकत्र केल्या की कळते, कोथिंबीर उरली आहे.

दुसरा प्रश्नही तयार ठेवा: ‘घरी जाताना सखूबाई खूश होती का?’ याचे बरोबर उत्तर ‘उताऱ्यात सांगितलेले नाही’ असे आहे. मुलांना हे उत्तर द्यायची भीती वाटते. प्रश्न आला म्हणजे काहीतरी लिहायलाच हवे, असे त्यांना वर्षानुवर्षे शिकवले गेले आहे. म्हणून हा दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

उतारा तयार झाला की आदल्या दिवशी दोन मुलांना वाचायला द्या, एक सहावीतला आणि एक नववीतला. दोघांनीही पहिल्याच फटक्यात बरोबर उत्तर दिले तर उतारा सोपा झाला. दोघांनाही समजावून सांगूनही पटले नाही, तर खुणा पुरेशा नाहीत. एकाचे चुकले आणि परत वाचल्यावर त्याचे त्यालाच सापडले, असा उतारा चालतो.

३. भाषण लिहून काढा

माइकवर सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. दहा मिनिटांतली चार मिनिटे वाचन आणि उत्तरांत जातात, म्हणून बोलायचे पाच-सहाशे शब्दांपेक्षा जास्त लिहू नका. मी वापरते त्या भाषणाचा गाभा देते. तुमच्या शाळेप्रमाणे बदला.

> ‘मुलांनो, तुमच्या हातात एक पट्टी आहे. ती अजून वाचू नका. मी सांगितल्यावर वाचायची, मनातल्या मनात, एकदाच. वाचून झाली की पट्टी उलटी धरायची. करा सुरुवात.
>
> झाले? आता सांगा, सखूबाईचा सगळा माल विकला गेला का? ज्यांना ‘हो’ वाटते त्यांनी उजवा हात वर करा. ज्यांना ‘नाही’ वाटते त्यांनी डावा. हात खाली. आता पट्टी सुलटी करा आणि पुन्हा वाचा. या वेळी घाई नाही. वाचताना एकच गोष्ट शोधायची: तुमचे उत्तर कोणत्या शब्दावरून आले? त्या शब्दावर बोट ठेवा.
>
> …
>
> पाहिलेत? पट्टी तीच, शब्दही तेच. पहिल्यांदा आपण गोष्ट वाचली, दुसऱ्यांदा शब्द वाचले. तुम्ही पहिल्यांदा चुकलात ते हुशारी कमी म्हणून नव्हे. ओळखीचे शब्द दिसले की आपले डोळे पुढे पळतात आणि मधली जागा आपण अंदाजाने भरतो. बाजार, पैसे मोजले, घरी निघाली, म्हणजे माल संपला असणार. हा अंदाज उताऱ्यात नव्हता, आपल्या डोक्यात होता.
>
> उद्यापासून रोज दहा मिनिटे हेच करायचे. अर्धे पान घ्यायचे, जास्त नाही. एकदा सरळ वाचायचे. मग त्यावर स्वतःलाच एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर आले की लगेच दुसरा प्रश्न: कशावरून? ज्या शब्दांवरून उत्तर मिळाले ते शब्द वहीत लिहायचे. सापडले नाहीत तर लिहायचे, ‘सांगितलेले नाही’. तेही बरोबर उत्तर आहे.’

जिथे टिंबे आहेत तिथे मुले बोलतात. त्या तीन मिनिटांचा विचार स्वतंत्र करावा लागतो.

४. मुलांची उत्तरे हाताळा

पहिल्या वेळी बहुतेक मुले ‘हो’ म्हणून हात वर करतात. दुसऱ्या वाचनानंतर काहींचे मत बदलते. तीन-चार जणांना बोलू द्या. पहिली संधी नेहमीच्या हुशार मुलाला देऊ नका. तो बोलला की बाकीचे विचार करणे थांबवतात.

उत्तर चुकीचे आले तर ‘चूक’ म्हणू नका, ‘कशावरून?’ एवढेच विचारा. एखादी मुलगी म्हणते, ‘पैसे मोजले, म्हणजे सगळे विकले.’ तिला विचारा, ‘पैसे मोजले हे उताऱ्यात आहे. सगळे विकले हे कुठे आहे?’ ती शोधते, सापडत नाही, आणि तिचे तिलाच कळते. सगळ्या शाळेसमोर तिची मान खाली जात नाही.

कधी कधी एखादे मूल वेगळेच पण दमदार उत्तर देते. ‘बाई, पाटी बांबूची असते. उन्हात तडकू नये म्हणून फडके ओले केले असेल.’ गावाकडचे मूल असे नक्की म्हणू शकते, आणि ते ऐकून मला फार आनंद होतो, कारण ते उताऱ्याला घट्ट धरून बोलते आहे. अशा वेळी आपले उत्तर लादू नका. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवा आणि विचारा, ‘कोणत्या उत्तरात उताऱ्यातले जास्त शब्द बसतात?’ बांबूच्या उत्तरात ‘फडके’ बसते, पण ‘ऊन कलल्यावर’ बसत नाही आणि ‘मेथी तर’ हे तर सुटूनच जाते. कोथिंबिरीच्या उत्तरात तिन्ही बसतात. दोन अर्थांतला एक कसा निवडायचा, हे मुलांना इथे डोळ्यांसमोर दिसते. मला भाषणातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. वेळ कमी पडला तर बाकीचे काहीही गाळा, हा गाळू नका.

५. या गोष्टी टाळा

मोबाइलवर टीका करून सुरुवात करू नका. मुलांनी ते घरी रोज ऐकलेले असते आणि त्यांचे कान तिथेच बंद होतात. ‘वाचाल तर वाचाल’ हे वाक्यही ठेवू नका. त्याच्या पहिल्या शब्दाला सगळी शाळा कोरसमध्ये उरलेले म्हणते, आणि तेवढ्यात तुमची दोन मिनिटे जातात.

‘रोज कोण कोण वाचते? हात वर करा’ हा प्रश्न टाळा. काही मुले तुम्हाला बरे वाटावे म्हणून हात वर करतात, आणि ज्यांच्या घरी खरेच पुस्तक नाही ती इकडेतिकडे बघत बसतात.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे ‘सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस’ ही घोषणा. ती उत्साहात सहज तोंडून निघते. मग देवघेवीच्या नोंदवहीत त्याचा परिणाम दिसू लागतो: दीडशे-दोनशे पानांचे पुस्तक आज नेले आणि उद्या परत, तीच मुले, रोज. पुस्तकाचे नाव विचारले तर सांगतात, आत काय होते विचारले तर मलपृष्ठावरचा मजकूर सांगतात. काळजीपूर्वक वाचा म्हणून भाषण द्यायचे आणि बक्षीस वेगाला द्यायचे, हे एकमेकांच्या उलट आहे. बक्षीस द्यायचेच असेल तर महिन्याच्या शेवटी एखाद्या मुलाच्या वहीतले चांगले ‘कशावरून’ परिपाठात वाचून दाखवा. त्या मुलाला ते कोणत्याही चषकाइतके आवडते.

६. रोजच्या दहा मिनिटांची वही लावून द्या

भाषण झाले त्याच दिवशी ही वही सुरू व्हायला हवी. जुन्या वहीची उरलेली पाने चालतात. पानावर तीन रकाने: तारीख आणि काय वाचले, माझा प्रश्न व उत्तर, कशावरून. एका दिवसाला तीन-चार ओळी पुरतात. पहिली नोंद भाषणाच्या उताऱ्याचीच करून घ्या, म्हणजे नमुना तयार राहतो:

- काय वाचले: सखूबाईचा उतारा
- प्रश्न व उत्तर: सगळे विकले का? नाही, कोथिंबीर उरली.
- कशावरून: ‘मेथी तर’, ‘फडके पुन्हा ओले केले’

वाचायला काय घ्यायचे, हा प्रश्न मुले लगेच विचारतात. ग्रंथालयाचे पुस्तक असेल तर उत्तम, पण त्यात पेन्सिलने खुणा करायच्या नाहीत, हे आधीच सांगा. त्यासाठी कागदाची चिठ्ठी घालायची. घरी वर्तमानपत्र येत असेल तर एखादी छोटी बातमी चालते. काहीच नसेल तर मागच्या इयत्तेचे भाषेचे पुस्तक. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, शाळेत छापून पाच-सहा धडे सुटे ठेवले तर ज्यांच्याकडे काही नाही त्यांची सोय होते. मराठीच वाचले पाहिजे असा आग्रह धरू नका. विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद किंवा शाब्दिक उदाहरणही यासाठी छान आहे. गणितात ‘उरलेल्यांपैकी निम्मे’ हे न दिसल्यामुळे किती उत्तरे चुकतात, ते गणिताच्या शिक्षकांना विचारा. ते तुमचे पहिले साथीदार होतील.

दहावीच्या वर्गशिक्षकांना वेळ नसतो आणि त्यांचे म्हणणेही खरे असते. त्यांना एवढेच सांगा की मराठीच्या कृतिपत्रिकेत अपठित उतारा येतो, आणि त्याची तयारी उत्तरे पाठ करून होत नाही.

७. दोन आठवड्यांनी तपासा

सगळ्या वह्या तपासणे एकट्या ग्रंथपालाला शक्य नाही. ग्रंथालयाच्या तासाला प्रत्येक वर्गातल्या पाच-सहा वह्या चाळा, दर वेळी वेगळ्या मुलांच्या. फक्त तिसरा रकाना वाचा.

त्यात अख्खे वाक्य उतरवलेले असेल तर मूल अजून ढोबळ पाहते आहे. त्याला विचारा, ‘यातला नेमका कोणता शब्द?’ दोन मुलांच्या वहीत शब्दशः तेच असेल तर एकाने दुसऱ्याचे उतरवले आहे. रागवू नका, दोघांना एकच नवा उतारा द्या आणि वेगवेगळे प्रश्न काढायला सांगा. प्रत्येक दिवशी प्रश्न ‘कोण’, ‘कुठे’, ‘केव्हा’ एवढेच असतील, तर त्या मुलाला तुम्ही एक ‘का’चा प्रश्न काढून द्या. आणि ‘सांगितलेले नाही’ हे उत्तर कुठेच दिसत नसेल, तर ‘सखूबाई खूश होती का?’ हा दुसरा प्रश्न मुलांपर्यंत पोचलेला नाही. तो पुन्हा एकदा वर्गात घ्या.

चांगली खूण अशी: ग्रंथालयात बसलेली मुले एकमेकांना ‘कशावरून?’ म्हणून अडवू लागतात. आपल्याला जरा गोंगाट सहन करावा लागतो, तो करावा.

एक मर्यादा नीट लक्षात ठेवा. प्रत्येक वर्गात काही मुले अशी असतात की ज्यांना जोडाक्षरे अडतात, ओळ वाचता वाचता हरवते. त्यांची सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यातच संपते, अर्थाकडे लक्ष द्यायला काही उरत नाही. त्यांच्या वह्या कोऱ्या राहतात, आणि त्यांना आळशी समजण्याची चूक सहज होते. तासाला त्यांच्याकडून दोन ओळी तुमच्याजवळ बसवून हळू आवाजात वाचून घ्या, लगेच कळते. या मुलांना शेजारच्याने उतारा वाचून दाखवायचा आणि त्यांनी ऐकून ‘कशावरून’ सांगायचे, अशी जोडी लावा. त्यातली कितीतरी मुले ऐकून अचूक उत्तर देतात. अक्षरवाचनाचा सराव मात्र भाषाशिक्षकांशी बोलून वेगळा लावावा लागतो. तो या दहा मिनिटांत होणार नाही.

८. पुढचे उतारे जमवत राहा

दर सोमवारी ग्रंथालयाच्या फलकावर एक नवा उतारा आणि खाली एक प्रश्न लिहा. उत्तर शुक्रवारी लिहा, तेही ‘कशावरून’सकट. लिहिलेला प्रत्येक उतारा एका फाइलमध्ये ठेवा आणि कडेला नोंद करा: कोणत्या इयत्तेला दिला, किती जण पहिल्यांदा फसले, कोणते अनपेक्षित उत्तर आले. बांबूच्या पाटीसारखी उत्तरे तर जरूर लिहून ठेवा, पुढचा उतारा लिहिताना कोणत्या खुणा कमी पडल्या ते त्यावरूनच समजते. साधारण महिनाभराने आठवी-नववीच्या मुलांना सांगा की आता उतारा तुम्ही लिहायचा. फलकावरची जागा त्यांना द्या. दुसऱ्याला थांबून वाचायला लावेल असा उतारा लिहायचा म्हणजे कोणता शब्द कुठे ठेवायचा याचा विचार करावा लागतो. पाचवीतली मुले त्या ताईदादांचे उतारे फलकापुढे उभी राहून, ओळीवर बोट फिरवत वाचतात.